टाकीच्या तळाशी काय आहे?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी व धायरी या भागांत, गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराने एकाएकी डोके वर काढले. वर्षाकाठी शहरात मोजकेच रुग्ण आढळावेत असा हा विकार. परंतु या साथीत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काहींना प्राणास मुकावे लागले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला, तेव्हा साहजिकच संशयाची सुई पाण्याकडे व कच्च्या-अर्ध्या शिजलेल्या कोंबडीच्या मांसाकडे वळली. विहिरी तपासल्या, टँकर तपासले, खाजगी शुद्धीकरण केंद्रांना कुलपे लागली. दोष कोणाचा, यावर व्हायचा तेवढा वादही झाला. त्या गदारोळात एक गोष्ट मात्र फारशी चर्चिली गेली नाही. घरोघरी घेतलेल्या पाण्याच्या अनेक नमुन्यांत अवशिष्ट क्लोरीन मुळी आढळलाच नव्हता. पाण्यात क्लोरीन टाकल्यानंतर जंतूंशी लढून जो थोडा शिल्लक उरतो, तो अवशिष्ट क्लोरीन. वाटेत किंवा घरात नवी घाण मिसळली, तर तिच्याशी झुंजण्यासाठी ठेवलेली ती राखीव शिबंदी होय. ती अशा घरांत नव्हती. पुरवठ्यातच क्लोरीन कमी पडला असेल, हे उघडच आहे. परंतु नळापर्यंत आलेला क्लोरीन स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो काय, हा दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडत नाही. ते आपल्याच अंगणातील व गच्चीवरील टाकीच्या तळाशी पडलेले असते.

हा प्रश्न केवळ शहराचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. किंबहुना इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावात तो अधिक बिकट आहे. शहरात पाण्याची साठवण ही सोय असते. अवर्षणप्रवण तालुक्यात ती गरज असते. उजनीचा विस्तीर्ण जलाशय तालुक्याच्या सीमेला लागून पसरलेला असला, तरी उन्हाळ्यात याच तालुक्यातील गावांवर टँकरकडे डोळे लावून बसण्याची पाळी येते. म्हणून ज्याने घर बांधले, त्याने प्रथम जमिनीखाली टाकी बांधली आणि ज्याला परवडले त्याने ती मोठी बांधली. त्यात नळाचे पाणी येते, टँकरचे येते आणि ज्याची कूपनलिका आहे त्याच्या कूपनलिकेचेही येते. तीन ठिकाणचे पाणी एका टाकीत, टाकीतून मोटारीने गच्चीवर, गच्चीवरून स्वयंपाकघरात. गावच्या सार्वजनिक स्रोतांची पाहणी होते. ग्रामपंचायतीला वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, हिरवे, पिवळे वा लाल कार्ड मिळते. सार्वजनिक टाकीत टीसीएल पावडर टाकणारा जलसुरक्षकही असतो. परंतु हिरवे कार्ड मिळालेल्या गावातील एकेका घराच्या टाकीचे झाकण उघडून पाहण्याचा अधिकार त्या कार्डाला नाही आणि तसा कोणाचा आग्रहही नाही.

टाकीत नेमके काय घडते, हे समजून घेतल्याखेरीज ती किती दिवसांनी धुवावी याचे उत्तर देता येणार नाही. प्रत्येक वेळी येणाऱ्या पाण्याबरोबर थोडी माती, थोडा गंज, थोडे शेवाळ येते. पाणी स्थिर झाले की ते खाली बसते. टाकीतून पाणी नेणारी नळी तळापासून दोन-तीन इंच वर बसविलेली असते, त्यामुळे हा गाळ सहसा नळाला येत नाही, आणि पाणी स्वच्छ दिसते म्हणून आपण निश्चिंत राहतो. दुसरीकडे भिंतींवर एक बुळबुळीत थर वाढत असतो. बोट फिरविले तर तो लागतो, डोळ्यांना दिसतोच असे नाही. जंतूंनी स्वतःभोवती विणलेले ते आच्छादन असते. गाळ आणि हा थर दोन्ही मिळून पाण्यातील क्लोरीन खाऊन टाकतात. क्लोरीनला जंतू आणि कुजलेले पान यांतील भेद कळत नाही; जे सेंद्रिय भेटेल त्यावर तो खर्च होतो. याखेरीज उन्हाने तापलेल्या टाकीत तो उष्णतेनेही लवकर नाहीसा होतो. म्हणजे गाळ साचलेल्या टाकीत पडलेले निर्जंतुक पाणी काही तासांतच निराधार होते आणि मग एखाद्या पालीची विष्ठा किंवा झाकणाच्या फटीतून झिरपलेले अंगणातील पाणी त्यात पुरेसे अनर्थ घडवू शकते.

वरकुट्यातील एखादे मध्यमवर्गीय घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. जमिनीखालील टाकी सहा फूट लांब, पाच फूट रुंद, पाच फूट खोल; म्हणजे दीडशे घनफूट. एका घनफुटात सुमारे सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी मावते, तेव्हा ही टाकी जवळजवळ ४२५० लिटरांची झाली. गच्चीवर १००० लिटरांची काळी टाकी. घरात पाच माणसे आणि दिवसाचा खर्च ४०० लिटर. दोन्ही टाक्या भरलेल्या असताना या घरात तेरा दिवसांचा साठा आहे. पाणी टिकवून धरल्याचा अभिमान घरमालकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, स्वयंपाकघरात येणारे पाणी कित्येक दिवसांचे शिळे असू शकते. इतक्या दिवसांत नळाने आलेल्या क्लोरीनचा मागमूस उरत नाही. मोठ्या टाकीला दोष नाही. दोष आहे तो मोठी टाकी बांधून तिच्यातील पाणी नळाच्या ताज्या पाण्याइतकेच सुरक्षित आहे असे समजण्यात.

हे खरे की खोटे, याची परीक्षा कोणत्याही शाळेतील नववीच्या विद्यार्थ्याला करता येईल. ग्रामपंचायतीकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ओ.टी. चाचणीचे द्रावण असते. जलजीवन मिशनखाली गावागावांतील महिलांना पाणी तपासण्याचे संच हाताळण्याचे शिक्षणही देण्यात आले आहे. पाणी येण्याच्या वेळी थेट रस्त्याच्या जोडणीवरील नळाचे पाणी एका नळीत घ्यावे आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरातील नळाचे दुसऱ्या नळीत. द्रावणाचे सांगितलेले थेंब टाकताच जो पिवळा रंग येतो, तो तत्काळ तक्त्याशी ताडून पाहावा. वेळ गेला तर रंग गडद होत जातो आणि आकडा फसवा निघतो. तपासलेले पाणी फेकून द्यावे, तोंडात घालू नये. भारतीय मानक संस्थेच्या प्रमाणानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. पहिल्या नळीत तक्ता ०.५ दाखवीत असेल आणि दुसरी नळी पांढरी स्वच्छ राहिली असेल, तर ग्रामपंचायतीने आपले काम केले आहे आणि आपली टाकी ते उधळून लावीत आहे, हे निःसंदिग्धपणे सिद्ध झाले. दोन्ही नळ्या कोऱ्या राहिल्या, तर मात्र ग्रामसभेत उठून बोलण्याची वेळ आली, असे समजावे. घरच्या टाकीला शिव्या देऊन भागणार नाही.

टाकी किती दिवसांनी धुवावी, या प्रश्नाला ‘सहा महिन्यांनी’ असे ठराविक उत्तर सर्वत्र दिले जाते. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. आमच्या मते जमिनीखालील टाकी वर्षातून दोनदा तरी पूर्ण रिकामी होऊन घासली गेली पाहिजे. पैकी एक वेळ पावसाळा संपून पाणी निवळल्यावर, दिवाळीच्या आसपास. पावसाळ्याचे गढूळ पाणी जो गाळ सोडून जाते, तो वर्षभर वागवू नये. दुसरी वेळ चैत्र-वैशाखातील. टंचाईच्या गावात ती निसर्गच ठरवून देतो, कारण तेव्हा टाकी आपोआपच तळ गाठते. पुढचा टँकर येण्यापूर्वीचा तो अर्धा दिवस वाया घालवू नये, एवढेच. गच्चीवरची टाकी लहान असते, उन्हात तापते आणि अर्धपारदर्शक असल्यास तिच्यात शेवाळही धरते. ती तीन महिन्यांनी धुणे कठीण नाही. पण पंचांगापेक्षा प्रसंग महत्त्वाचा. जलवाहिनी फुटून दुरुस्त झाली, नळाला प्रथमच लालसर पाणी आले, अनोळखी स्रोताचा टँकर टाकीत रिता झाला, अतिवृष्टीत अंगणात पाणी साचले किंवा टाकीत उंदीर-पाल मेलेली सापडली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहत बसणे हा शुद्ध आळस होय. डासांचा हिशेब याहून निराळा आहे. त्यांच्या अळ्यांना वाढायला आठवडा-दहा दिवस पुरतात, तेव्हा तिथे धुण्यापेक्षा घट्ट झाकण आणि वाहून जाणाऱ्या नळीच्या तोंडावर बारीक जाळी हाच उपाय.

आता प्रत्यक्ष धुण्याविषयी. येथे सर्वत्र होणारी एक गफलत प्रथम सांगितली पाहिजे. गच्चीवरची टाकी दिसते म्हणून धुतली जाते. जमिनीखालची दिसत नाही म्हणून राहते. मग धुतलेल्या वरच्या टाकीत खालच्या टाकीतील गाळपाणी मोटार इमानेइतबारे नेऊन ओतते आणि आठवड्यात सारा खटाटोप पाण्यात जातो. म्हणून क्रम नेहमी खालून वर असावा. आधी जमिनीखालील टाकी, मग मोटारीची शोषण नळी व तिच्या टोकाची झडप, मग गच्चीवरील टाकी आणि शेवटी स्वयंपाकघराची नळी.

काम ठरवून करावे. दोन-तीन दिवस आधीपासून पाणी वापरून टाकी उतरवत आणावी, म्हणजे पाणी फुकट जात नाही. मोटारीचा फ्यूज काढून ठेवावा. नुसते बटण बंद करून ओल्या टाकीत हात घालू नये. तळाशी वीतभर पाणी उरले की, पाणी नेणाऱ्या नळीच्या तोंडात दोरी बांधलेला कापडाचा बोळा बसवावा, नाहीतर घासून सुटलेला गाळ त्याच नळीत जाऊन बसतो आणि पुढे महिनाभर नळाला काळे कण येत राहतात. त्या उरलेल्या पाण्यानेच भिंती व तळ नायलॉनच्या ब्रशने घासावेत. तारेचा ब्रश प्लॅस्टिकला चरे पाडतो आणि सिमेंटचा गिलावा उकरतो; पडलेल्या प्रत्येक चऱ्यात पुढच्या वेळी तोच थर अधिक घट्ट बसतो. धुण्याची पावडर वापरू नये, कारण ती कोपऱ्यांतून निघत नाही. अ‍ॅसिड तर मुळीच नको. ते सिमेंट खाते आणि ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. गाळ सुपलीने किंवा फडक्याने बादलीत भरून बाहेर काढावा आणि थोड्या स्वच्छ पाण्याने टाकी दोनदा विसळावी. विसळलेले पाणी शौचालयासाठी ठेवता येते.

इथपर्यंत पुष्कळ लोक येतात आणि थांबतात. टाकी चकचकीत दिसते, मग आणखी काय हवे? हवे आहे ते निर्जंतुकीकरण. कारण घासणाऱ्याचे पाय, ब्रश आणि बादली यांनी टाकीत नवे जंतू आणलेले असतात. पुस्तकी पद्धत अशी की, टाकी तीव्र क्लोरीनच्या पाण्याने काठोकाठ भरून दिवसभर ठेवावी व मग ते पाणी सोडून द्यावे. जिथे हंडाभर पाण्यासाठी वाट पाहावी लागते, तिथे चार हजार लिटर पाणी ओतून देण्याचा सल्ला देणाऱ्याला लोक हसतील आणि ते योग्यच ठरेल. सुदैवाने दुसरी मान्य पद्धत उपलब्ध आहे आणि तिला एक बादली पुरते. दहा लिटर पाण्यात आठ ते दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे सुमारे तीन सपाट चमचे, ब्लीचिंग पावडर घ्यावी. आधी वाटीत थोड्या पाण्यात कालवून तिची पेज करावी, मग बादलीत मिसळावी आणि चुना खाली बसू द्यावा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावी व तळाचा चुना टाकून द्यावा. या निवळीत लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम क्लोरीन असतो. स्वच्छ फडके लांब काठीला बांधून किंवा फवारणीच्या नव्या पंपाने तिने भिंती, तळ आणि झाकणाची आतली बाजू ओलीचिंब करावी व अर्धा तास तशीच ठेवावी. ‘नव्या’ पंपाने असे मुद्दाम म्हटले आहे. उसावर औषध मारलेला पंप धुऊन आणून तोच वापरण्याचा शहाणपणा कोणी करू नये. अर्ध्या तासानंतर थोड्या पाण्याने टाकी विसळावी, बोळा काढावा आणि ते विसळण बाहेर सोडावे. तुळशीला किंवा गुरांच्या हौदात ते जाणार नाही, एवढे पाहावे.

पावडरीविषयीही दोन शब्द. ताज्या टीसीएल पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या पिशवीत, दमट कोपऱ्यात पडलेल्या पावडरीत तो झपाट्याने उतरतो. वर दिलेला हिशेब २५ टक्के धरून केला आहे. पावडरीचे गोळे झाले असतील आणि नाकाला झोंबणारा वास येत नसेल, तर ती पावडर नसून चुना आहे असे समजून फेकून द्यावी. पत्र्याच्या डब्यात ती ठेवू नये, पत्रा खाते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत, उन्हापासून दूर आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ती राहावी.

या कामात आणखी एक धोका आहे आणि तो जिवाशी आहे. ९ मार्च २०२५ रोजी मुंबईत नागपाडा भागातील एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या भूमिगत पाण्याच्या टाकीत उतरलेले चार मजूर गुदमरून मरण पावले. ती मैल्याची टाकी नव्हती, पाण्याची होती. लोकांचा समज असा असतो की, विषारी हवा गटारात असते, पिण्याच्या पाण्याच्या टाकीत कशी असेल? परंतु दीर्घकाळ बंद असलेल्या टाकीत कुजणारा गाळ, ओले लाकूड, गंजणारे लोखंड ही सारी हवेतील प्राणवायू शोषून घेतात. त्यासाठी कोणताही विषारी वायू असावा लागत नाही, आणि प्राणवायू नसलेल्या हवेला वासही नसतो. उतरणारा दोन-चार श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उडी घेतो आणि तोही तिथेच राहतो. पेटती मेणबत्ती खाली सोडून पाहण्याची जुनी रीत भरवशाची नाही. ज्योत तेवत राहिली म्हणजे हवा माणसाला पुरेशी आहे असे होत नाही, आणि ज्वलनशील वायू असेल तर ती ज्योतच घात करील. घरगुती टाकी शक्य तोवर बाहेरूनच, लांब दांड्याच्या ब्रशने व गाळ ओढणाऱ्या पंपाने साफ करावी. उतरणे अटळच असेल, तर झाकणे आदल्या दिवसापासून उघडी ठेवून भोवती राखण असावी, पंख्याने ताजी हवा आत सोडावी, उतरणाऱ्याच्या छातीभोवती दोर बांधून वर दोन धडधाकट माणसे उभी राहावीत. तो बोलेनासा झाला तर दोराने ओढून काढावा. कोणीही मागोमाग उतरू नये. खोल आणि वर्षानुवर्षे बंद असलेल्या टाकीत उतरण्यासाठी रोजंदारीच्या मजुराला शंभराची नोट जास्त दाखवणे, याला काटकसर म्हणत नाहीत. डिझेलचा पंप टाकीत उतरवणे किंवा निर्जंतुक द्रावण मारून लगेच आत जाणे, हेही तितकेच घातक होय.

टाकी धुतली, आता त्या पाण्याने स्वयंपाक केव्हा करावा? भरल्याबरोबर नव्हे. पहिल्या भरण्याच्या वेळी दर हजार लिटरांमागे आठ ग्रॅम पावडरीची निवळी टाकीत सोडावी. आपल्या कल्पनेतील घराच्या खालच्या टाकीला सुमारे ३४ ग्रॅम, वरच्या टाकीला खालून आलेल्या पाण्यात क्लोरीन कमी आढळला तरच वेगळी. भरताना निवळी ओतली की ती पाण्याबरोबर नीट मिसळते. मग स्वयंपाकघराचा नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी वाहू द्यावे आणि नळ बंद करून अर्धा तास थांबावे; कारण टाकीतला थर गेला तरी नळीतला अजून जागेवरच असतो. ते पहिले पाणी भांडी घासायला चालेल. त्यानंतर पुन्हा ओ.टी. चाचणी. रंग ०.२ ते ०.५ च्या दरम्यान आला, तर चूल पेटवायला हरकत नाही. रंग गडद आला, तर पाणी रुंद पातेल्यात काही तास उघडे ठेवावे किंवा उकळावे. वास उडून जातो, आणि तेवढ्या क्लोरीनने अपाय होत नाही. रंग आलाच नाही, तर एक तर पावडर मेलेली आहे किंवा टाकीत कुठेतरी गाळ राहिला आहे. मात्रा दुप्पट करून स्वतःचे समाधान करून घेण्यापेक्षा झाकण पुन्हा उघडून कोपरे पाहावेत.

एऱ्हवी रोजच्या रोज पाणी कसे वापरावे, याबद्दल आपल्या स्वयंपाकघरांत एक मोठा गैरसमज आहे. पिण्याचे पाणी जपायचे आणि स्वयंपाकाचे कसेही चालेल, असा तो समज. भाताच्या आणि आमटीच्या पाण्यापुरता तो खरा आहे. खळखळून उकळी फुटली की कॅम्पिलोबॅक्टर काय किंवा कॉलऱ्याचा जंतू काय, जिवंत राहत नाही. पण कोथिंबीर कोणत्या पाण्याने धुतली? कोशिंबिरीची काकडी कशाने धुतली? ताकात, सरबतात, चटणीत, भिजवलेल्या आणि न शिजवता खाल्ल्या जाणाऱ्या मटकीत कोणते पाणी पडले? जेवणाची ताटे शेवटी कशाने विसळली? स्वयंपाकाचा हा न शिजणारा भागच घातक. म्हणून विस्तवावर जाणाऱ्या पदार्थाला टाकीचे पाणी चालते, न जाणाऱ्याला पिण्याच्या योग्यतेचेच पाणी लागते. हा भेद घरातील प्रत्येक हाताला ठाऊक असावा.

टँकर येऊन गेल्यावर तास-दोन तास पाणी उपसू नये. जोराच्या धारेने तळाचा गाळ उसळलेला असतो आणि तो पुन्हा बसायला वेळ लागतो. त्याच कारणाने टाकी अगदी तळापर्यंत उपसून ते पाणी भाजीला घेऊ नये. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि पातळ सुती कापडाच्या चार पदरांतून गाळावे, मग उकळावे किंवा क्लोरीन टाकावा. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्ची पडतो. तुरटी माती बसविते, जंतू मारीत नाही. निवळले म्हणजे शुद्ध झाले असे नव्हे. उकळलेल्या पाण्याचेही एक उणे ध्यानात ठेवावे. त्यात राखीव शिबंदी उरत नाही, तेव्हा त्यात बुडालेला एक हात सारी उकळी वाया घालवू शकतो. ज्या भांड्यात उकळले त्यातच झाकून ठेवावे, आणि काढायला लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचा पिंप असावा.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. खतांचा मोठा वापर होतो तिथे कूपनलिकेच्या पाण्यात नायट्रेट उतरण्याचा संभव असतो. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची आहे. टाकी कितीही घासली, क्लोरीन कितीही टाकला, तरी नायट्रेट जात नाही. उकळल्याने तर पाणी आटून ते उलट दाट होते. मोठ्यांना जे पचते, ते वरच्या दुधावर असलेल्या सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेऊ शकते. अशा घरात कूपनलिकेचे पाणी नळाच्या पाण्याच्या टाकीत मिसळू नये. त्याची नळी धुण्या-न्हाणीकडे वेगळी काढावी आणि बाळाचे दूध कालवायला तपासून घेतलेले दुसरे पाणी आणावे. गावच्या तपासणी संचात नायट्रेटचीही चाचणी असते. ओ.टी.च्या नळ्या आणायला जाल, त्याच खेपेस कूपनलिकेच्या पाण्याची बाटली बरोबर न्यावी.